मदत हवी आहे: विहीर तीच, पण क्लोराइडचे आकडे दोन (मोहर पद्धत)

सायली_निफाड:
नाशिकमध्ये माती-पाणी तपासणीच्या लहान लॅबमध्ये काम करते. एका द्राक्षबागेतून दोन बाटल्या आल्यात, एक थेट विहिरीची, दुसरी ठिबकच्या शेवटच्या लॅटरलची. पानांच्या कडा करपतायत म्हणून क्लोराइड हवंय.

५० मिली पाणी, ५% पोटॅशियम क्रोमेट १ मिली, ब्युरेटमध्ये ०.०१४१ नॉर्मल सिल्व्हर नायट्रेट. विहिरीला १४.६ मिली लागले, ब्लँक ०.२, म्हणजे लिटरला १४४ मिलीग्रॅम. एंड पॉइंट स्वच्छ, एका थेंबात पिवळ्याचा विटकरी.

ठिबकच्या बाटलीला मात्र एकदा १५.९, नंतर १६.३. क्रोमेट टाकताच पाणी लिंबू-पिवळं न होता नारिंगी झालं आणि शेवटी विटकरी रंग आला की नाही, यावर आमच्या दोघींचं एकमत होईना. पट्टीवर पीएच ४ च्या आसपास. बागायतदार म्हणतात, ‘लाईन धुवायला ॲसिड सोडलं होतं’. कोणतं ते त्यांना आठवत नाही. आता क्लोराइड खरंच वाढलंय की टायट्रेशनच फसवतंय?

प्रयोगवही:
ॲसिडमध्ये क्रोमेटचा डायक्रोमेट होतो, म्हणून नारिंगी. सोपा उपाय, कॉस्टिक घालून पीएच ११-१२ वर न्या. क्रोमेट सगळा परत येईल.

जुना_केमिस्ट:
निदान बरोबर, औषध चुकीचं. पीएच १० च्या पुढे गेलात की चांदी हायड्रॉक्साइडलाच धरते आणि तपकिरी सिल्व्हर ऑक्साइड खाली बसतो. त्यातही सिल्व्हर नायट्रेट खर्च होतं. म्हणजे ॲसिड असो वा कॉस्टिक, आकडा वरच जातो. म्हणून साधारण ६.५ ते ९ च्या मध्ये राहायचं.

सायलीताई, तुमच्या बाटलीत काय होतं ते बघा. सिल्व्हर क्लोराइड आधी बसतं, क्लोराइड संपत आलं की उरलेली चांदी क्रोमेटला भेटते आणि लाल रंग दिसतो. पीएच ४ ला टाकलेल्या क्रोमेटपैकी हजारात जेमतेम तीन भाग क्रोमेट म्हणून उरतात, बाकी हायड्रोजन क्रोमेट आणि डायक्रोमेट. मग लाल रंग दिसायला नेहमीच्या पंधरा-वीसपट चांदी पाण्यात साठावी लागते. तुमच्या मात्रेला हे हिशोबाने एक मिलीच्या वर जातं. तुमचा फरकही तेवढाच आहे.

पण यावरून ॲसिड कोणतं ते कळत नाही. मीठाचं ॲसिड असेल तर क्लोराइड खरोखर वाढलेलं असणार. क्रोमेट टाकण्याआधी सोडियम बायकार्बोनेट चिमटीचिमटीने घाला, फेस थांबला की पट्टी बघा, ८ च्या आसपास आलं की टायट्रेट करा. तेवढाच सोडा घालून ब्लँकही वेगळा काढा, स्वस्त सोड्यात क्लोराइड असतं. रीडिंग खाली आलं तर फसवाफसवी होती, वरच राहिलं तर मीठाचं ॲसिड.

गंगापूर_रोड:
आमच्या वायनरीच्या लॅबमध्ये वाईनचा पीएच साडेतीनच्या आसपास, त्यात तिचा स्वतःचा रंग. मोहर पद्धत तिथे कधी जमलीच नाही, चांदीचा इलेक्ट्रोड लावून टायट्रेट करतो. पाण्याला एवढा खर्च परवडणार नाही म्हणा.

पिंपळगावकर:
आमच्याही बागेत पानं अशीच. ठिबकला एकरी किती ॲसिड सोडायचं ते सांगा ना. आम्ही अमोनियम सल्फेटही त्यातूनच देतो.

जुना_केमिस्ट:
दादा, ॲसिडची मात्रा इथे नको, पाण्यातला चुना बघितल्याशिवाय कोणी सांगू नये. पण अमोनियम सल्फेटचं बरं आठवण करून दिलंत. अमोनियम असलेल्या पाण्यात पीएच ८ ला अमोनिया सुटतो आणि तो चांदीला विरघळवून ठेवतो. तिथे ७.२ च्या वर जाऊ नये. बायकार्बोनेट बिनधास्त ओतणं मग चालत नाही.

सायली_निफाड:
करून पाहिलं. सोडा घातल्यावर पाणी लिंबू-पिवळं झालं, रीडिंग १४.८, सोड्यासह ब्लँक ०.३. हिशोब १४५ चा. दोन्ही बाटल्या जुळल्या, तेव्हा मीठाचं ॲसिड नव्हतं. विहिरीचाच आकडा अहवालात लिहिते.

पण फोनवर विचारलं तर तेही ठिबकमधून अमोनियम सल्फेट देतात, बाटली भरली त्या दिवशी दिलं होतं की नाही ते नक्की नाही. मग माझा १४५ मधला १ त्याचा की ब्युरेटचा?

जुना_केमिस्ट:
एक मिलीग्रॅम म्हणजे ब्युरेटवर ०.१ मिली, दोन थेंब. तेवढ्यावर काहीच ठरत नाही. उरलेलं पाणी असेल तर पीएच ७ ला आणून आणखी एकदा करा. पट्टी नको, मीटर लावा. आणि लाल रंगाशी ताडायला शेजारी नुसतं क्रोमेट घातलेला फ्लास्क ठेवा.

प्रयोगवही:
मीटर नसेल तर फिनॉल्फ्थॅलिनचा गुलाबी रंग जाईपर्यंत ॲसिड घालत आलं तरी चालतं ना?

जुना_केमिस्ट:
साध्या पाण्याला चालतं. अमोनियम असेल तर नाही, गुलाबी रंग ८.३ च्या आसपासच जातो.