मदत हवी आहे: वडिलांना मोतीबिंदू सांगितलाय, पण वहीच्या रेघा वाकड्या दिसतात (४० वर्षांची बिडी)

तापीकाठ
नमस्कार मंडळी. आम्ही चोपडा तालुक्यातले. वडील ६८ वर्षांचे, केळीची शेती, आणि चाळीसेक वर्षांपासून बिडी. रोज एक बंडल तर नक्कीच, बागेत पाणी चालू असलं की जास्त.

दोनेक वर्षांपूर्वी ते अचानक चष्म्याशिवाय पेपर वाचायला लागले. आई खूश, गावात सांगत फिरली की यांची नजर परत आली. मग हळूहळू लांबचं धूसर झालं आणि रात्री समोरून गाडी आली की डोळे दिपायला लागले. शिबिरात तपासलं तर दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. उजवा जास्त, म्हणून आधी उजव्याचं ऑपरेशन करू म्हणाले. इथपर्यंत समजलं.

पण गेल्या पंधरवड्यापासून ते म्हणताहेत की केळीच्या हिशोबाच्या वहीतल्या रेघा मधेच वाकतात. आणि जो आकडा बघायला जावं तोच पुसल्यासारखा होतो, आजूबाजूचे दिसतात. हे मोतीबिंदूनेच होतं का? ऑपरेशन झाल्यावर जाईल का? आणि एका मेडिकलवाल्याने डोळ्यांच्या ताकदीच्या कॅप्सूल दिल्यात, त्या चालू ठेवायच्या का? वडिलांचं आपलं एकच, "माले दिसस ना, कशाले दवाखाना?"

सावदेकर
घाबरू नका. माझ्या काकांचं असंच होतं. मोतीबिंदू पूर्ण पिकू द्या, मग एकदाच ऑपरेशन करा, सगळं लख्ख दिसतं. काका आता सुईत दोरा ओवतात. बिडीचा आणि डोळ्याचा काय संबंध? बिडीत पानच असतं, सिगारेटसारखं केमिकल नसतं.

चष्मेवाली_धुळे
मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, पडद्याच्या डॉक्टरांकडे बरीच वर्षं काम केलंय. सावदेकर, काकांचं छान झालं, पण इथे थांबू नका म्हणेन.

तापीकाठ, तुमच्या वडिलांच्या गोष्टी दोन आहेत आणि त्या एकमेकांत मिसळल्यात. चष्मा सुटला, लांबचं गेलं, दिवे दिपवतात, हे मोतीबिंदूचंच वर्णन आहे. भिंगाचा मधला गाभा घट्ट आणि पिवळट-तपकिरी होत जातो, त्यामुळे डोळ्याला मायनस नंबर येतो आणि काही काळ जवळचं बिनचष्म्याचं वाचता येतं. घरचे त्याला सुधारणा समजतात. धूर ओढणाऱ्यांत नेमका हाच गाभ्याचा मोतीबिंदू जास्त सापडतो. आणि पिकू द्यायचं म्हणाल तर तो जुना काळ गेला. असा गाभा जितका जुना तितका कडक होतो, मग तो मशीनने फोडायला जास्त ताकद लावावी लागते, किंवा मोठा छेद घेऊन अख्खा काढावा लागतो.

पण मोतीबिंदूने रेघ वाकत नाही. धूसर होईल, फिकी होईल, एखाद्याला दोन-दोन दिसतील. सरळ रेघ वाकली आणि बघू तोच आकडा गायब झाला, तर बिघाड भिंगात नसून मागच्या पडद्याच्या बरोबर मधल्या भागात, मॅक्युलात असण्याची शंका घ्यायची. वयामुळे हा भाग झिजतो, आणि बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत हा धोका न ओढणाऱ्यांच्या दुप्पट ते चौपट धरतात. बिडीचं म्हणाल तर पानात गुंडाळली म्हणून धूर सौम्य होत नाही. डांबर आणि निकोटीन सिगारेटपेक्षा कमी निघत नाही, आणि बिडी विझू नये म्हणून माणूस झुरकेही जास्त मारतो.

आज रात्रीच एक करा. चौकटीच्या कागदावर साधारण १० सेंटिमीटरचा चौकोन आखा, मधोमध ठळक ठिपका काढा. वडिलांना जवळचा चष्मा लागत असेल तर तो लावून, चांगल्या उजेडात, वीतभरापेक्षा थोडा जास्त, म्हणजे ३० सेंटिमीटरवर धरायला सांगा. एक डोळा तळहाताने पूर्ण झाकायचा. नजर ठिपक्यावरून हलवायची नाही आणि कुठली चौकट वाकते, कुठली दिसत नाही ते सांगायचं. मग दुसरा डोळा. दोन्ही डोळे उघडे ठेवून बघितलं की चांगला डोळा वाईटाचं झाकतो, म्हणूनच हे महिनोन्महिने कळत नाही.

भुसावळ_रिटायर्ड
साहेब, शुगर बघितली का? मलाही कमी दिसायचं, पण मला कडेचं दिसत नव्हतं, बाजूने येणारी सायकल धडकायची. काचबिंदू निघाला. रोज ड्रॉप टाकतो. तुमच्या वडिलांना तोच असणार, आधी प्रेशर मोजा.

चष्मेवाली_धुळे
शुगर आणि प्रेशर दोन्ही तपासावंच, पण काका, तुमचं बरोबर उलटं आहे. काचबिंदूत कडा आधी जातात, मधलं शेवटपर्यंत टिकतं. यांचं मधलं गेलंय आणि कडा शाबूत आहेत.

तापीकाठ
केलं ताई. उजव्या डोळ्याने सगळं धूसर दिसतं, पण रेघा सरळ. डाव्याने ठिपक्याच्या खालच्या चौकटी आत ओढल्यासारख्या, आणि ठिपका स्वतःच करडा. म्हणजे शिबिरात ज्या डोळ्याला बरा म्हणाले तोच! वडीलही गप्प झाले. दोन्ही डोळ्यांनी बघितलं तर म्हणाले, "बरोबर शे".

चष्मेवाली_धुळे
मग मोतीबिंदूची तारीख बाजूला ठेवा आणि पडद्याच्या डॉक्टरांकडे याच आठवड्यात जा. जळगाव किंवा धुळे, जे जवळ पडेल ते. थेंब टाकून पडदा बघतील आणि ओसीटी, म्हणजे पडद्याच्या थरांचा स्कॅन काढतील. पंधरा दिवसांत सुरू झालेलं वाकडेपण म्हणजे पडद्याखाली नवीन नाजूक रक्तवाहिन्या फुटून पाणी किंवा रक्त झिरपत असेल. त्याला ओला प्रकार म्हणतो. यात डोळ्यात इंजेक्शन देऊन झिरपणं थांबवता येतं, पण तिथे एकदा व्रण धरला की गेलेलं मधलं दिसणं परत येत नाही. म्हणून कापूस वेचून झाल्यावर बघू, असं करू नका.

जाताना कुणाला तरी सोबत घ्या. थेंबांनंतर चार-पाच तास नीट दिसत नाही, मोटरसायकल चालवायची नाही.

औषधी_शहादा
मी फार्मसिस्ट. तुमच्या कॅप्सूलच्या प्रश्नाकडे कुणी बघितलंच नाही. डबीवर बीटा कॅरोटीन लिहिलंय का ते बघून सांगा.

तापीकाठ
हो, चष्मा लावून शोधलं. बारीक अक्षरात बीटा कॅरोटीन १५ मिलिग्रॅम. सोबत झिंक, कॉपर, व्हिटॅमिन सी आणि ई.

औषधी_शहादा
तीच शंका होती. बंद करा, आणि पडद्याच्या डॉक्टरांना डबी दाखवा. हा २००१ साली आलेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचा जुना फॉर्म्युला आहे. त्याचा उपयोग होतो, पण बिडी-सिगारेटवाल्यांसाठी त्यात काटा आहे. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा कॅरोटीनच्या गोळ्या देऊन बघितल्या होत्या, कॅन्सर कमी होईल या आशेने. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर उलट १८ टक्के जास्त निघाला. म्हणून २०१३ च्या दुसऱ्या अभ्यासानंतर बीटा कॅरोटीन काढून त्याजागी ल्युटिन १० आणि झिॲझँथिन २ मिलिग्रॅम असा फॉर्म्युला आला. त्या अभ्यासातही बीटा कॅरोटीनच्या गटात फुप्फुसाचे कॅन्सर जास्त होते, आणि त्यातले बहुतेक बिडी-सिगारेट आधीच सोडलेले लोक होते. म्हणजे वडिलांनी उद्या बिडी सोडली तरी ही जुनी डबी परत काढायची नाही.

आणि नवीन कॅप्सूलही सगळ्यांसाठी नाही. पडद्यावर मध्यम दर्जाची झीज असेल किंवा एका डोळ्यात रोग पुढे गेला असेल, तर पुढे जाण्याची शक्यता पाच वर्षांत साधारण पाव हिश्शाने कमी होते, एवढंच. मोतीबिंदू थांबत नाही, नजर वाढत नाही. काउंटरवर ताकदीची गोळी म्हणून देणं चूकच आहे, आमच्याच धंद्यातले लोक देतात म्हणून बोलतोय.

सावदेकर
म्हणजे गाजरही बंद का आता?

औषधी_शहादा
नाही हो. गाजर, पपई, मेथी, सगळं खा. त्रास गोळीतल्या एकगठ्ठा डोसचा आहे.

नंदुरबारची_माय
आमच्याकडे सासरे मशेरी लावतात, बिडी नाही. त्यांना लाल आणि हिरवं फिकं दिसतं म्हणतात. हेच असेल का?

चष्मेवाली_धुळे
ताई, वेगळा धागा काढा, पण थोडक्यात: झीजेचा आणि धुराचा संबंध पक्का आहे, मशेरीचा तितक्या खात्रीने सांगता येणार नाही. रंग फिके होणं हे डोळ्याच्या नसेचं लक्षण असू शकतं. तंबाखू, सोबत दारू आणि खाण्यापिण्याची आबाळ असेल तर नस दुबळी होते. दोन्ही डोळ्यांत सारखंच येतं, चौकटी वाकत नाहीत. लवकर दाखवा, रक्तात बी१२ बघायला सांगा.

तापीकाठ
अपडेट. काल जाऊन आलो. डाव्या डोळ्याच्या ओसीटीत पडद्याखाली काळी पोकळी दिसते, ते पाणी. ओला प्रकारच. उजव्यात पडद्यावर पिवळसर ठिपके आहेत, म्हणजे कोरडा प्रकार, पाणी नाही. डाव्यात पहिलं इंजेक्शन झालं. सुन्न करणारे थेंब टाकले, वडील म्हणाले टोचलं तेवढंच, बाकी भीतीच जास्त. महिन्याच्या अंतराने आणखी दोन, मग ओसीटी बघून पुढचं. डोळा दुखून लाल झाला किंवा नजर एकदम उतरली तर रात्रीसुद्धा फोन करा म्हणाले. जुनी डबी बंद, नवीन चिठ्ठीवर लिहून दिली.

बिडीबद्दल वडिलांनी डॉक्टरांना थेट विचारलं, आता सोडून काय उपयोग? ते म्हणाले, डावा गेला तेवढा परत नाही येणार, पण उजवा अजून कोरडा आहे आणि तो कोरडाच राहावा म्हणून सोडायची. धोका न ओढणाऱ्याइतका खाली यायला वीसेक वर्षं लागतात, पण उतरायला आधीच लागतो. वडील म्हणाले, वीस वर्षं कोणी पाहिली. सध्या निम्म्यावर आहेत, असं ते सांगतात.

आता प्रश्न उजव्याच्या मोतीबिंदूचा. शिबिरवाल्यांचा फोन येतोय.

सावदेकर
करून टाका. डावा असा झालाय तर उजवा तरी साफ हवा ना.

औषधी_शहादा
मी थांबेन. आता तोच कामाचा डोळा आहे, तिथे काही बिघडलं तर?

चष्मेवाली_धुळे
दोघांचंही चुकीचं नाही, आणि डॉक्टरांमध्येही यावर दोन मतं ऐकली आहेत. नुसत्या कोरड्या प्रकारात मोतीबिंदू काढल्याने झीज वाढते असं ठाम दिसलेलं नाही, आणि भिंग साफ झालं की पडद्याचं ओसीटी स्वच्छ निघतं, हा फायदाही आहे. पण शिबिराच्या तारखेवर जाऊ नका. डाव्याची तीन इंजेक्शनं होऊ द्या, उजव्याचं ताजं ओसीटी काढून मग पडद्याच्या डॉक्टरांनाच विचारा. आणि तो चौकटीचा कागद आरशाजवळ चिकटवा. रोज दाढी करताना उजवा डोळा एकट्याने, डावा झाकून. एक जरी चौकट नवीन वाकली तरी पुढच्या तारखेची वाट न बघता निघायचं.

तापीकाठ
चिकटवला. दुसरं इंजेक्शन झालं की लिहितो. कुणाच्या घरी अशी इंजेक्शनं चालू असतील तर सांगाल का, तिसऱ्यानंतर किती दिवसांनी बोलावतात?