जमिनीच्या कागदांवर मराठी चॅनल: विषय किती अरुंद ठेवायचा, आणि पहिले दहा भाग कोणते?

कागदवाली
सातबारा, फेरफार, वारस नोंद, मोजणी यांवर मराठीत यूट्यूब चॅनल सुरू करतेय. आठवड्याला एक व्हिडिओ जमेल, चेहरा दाखवायचा नाही. शेतजमिनीचं सगळंच घेऊ की फक्त सातबारा वाचन? मालिका करू की सुटे व्हिडिओ? आणि पहिले दहा भाग कसे ठरवू?

संकलक_सातारा
‘फक्त सातबारा’ हा विषय अरुंद दिसतो, पण तो कागदाच्या बाजूने अरुंद आहे, बघणाऱ्याच्या बाजूने नाही. सातबारा वाचायला कोण येतो? जमीन विकत घेणारा, पीककर्ज काढणारा, वडील गेल्यावर नाव लावायला आलेला मुलगा. या तिघांना एकमेकांचे व्हिडिओ नको असतात. कर्जवाला आपला व्हिडिओ बघून गेला की परत येत नाही आणि मालिका तिथेच तुटते.

म्हणून कागद निवडू नका, प्रसंग निवडा. माझ्या मते सगळ्यात भक्कम प्रसंग ‘वडिलांच्या पश्चात शेतजमीन’ हा आहे. त्यात अडकलेल्या माणसाला एक उत्तर मिळालं की पुढचा प्रश्न आपोआप पडतो: अर्ज, मग वारसांची यादी, फेरफार, नवा सातबारा, वाटणी, मोजणी. हे सगळं महिनोन्‌महिने चालतं, म्हणजे तोच माणूस तुमच्याकडे सात-आठ वेळा यायला कारण आहे. सातबारा वाचन त्यात येतंच, पण त्याला लागेल तेव्हा.

शेतशिवार_मीडिया
मला हे पटत नाही. यूट्यूबवर लोक शोधून येतात, मालिका म्हणून कुणी बघत नाही. ‘सातबारा कसा काढायचा’, ‘मोजणी अर्ज’, ‘पीक विमा’, जे शोधलं जातं ते करा. दहा भाग दहा वेगळ्या विषयांवर टाका, जो चालेल त्याच्या मागे जा. एका प्रसंगात अडकलात तर दहाव्या भागाला विषय संपेल.

संकलक_सातारा
शोधून येतात हे बरोबर. म्हणूनच प्रत्येक भाग एकटा उभा राहिला पाहिजे. सहावा भाग पहिल्यांदा बघणाऱ्याला तो पूर्ण कळला पाहिजे, आणि शीर्षकात ‘भाग 6’ लिहायचं नाही. ते वाचून नवा माणूस समजतो की आधीचे पाच बघावे लागतील, आणि निघून जातो. क्रम फक्त प्लेलिस्टमध्ये ठेवा.

पण दहा वेगळ्या विषयांची चाचणी फसवी असते. पीक विम्याचा व्हिडिओ चालला तर त्याचं श्रेय हंगामाला असतं, चॅनलला नाही. आलेली माणसं मोजणीच्या व्हिडिओवर क्लिक करत नाहीत, आणि तुम्हाला वाटतं मोजणीचा व्हिडिओ वाईट होता. दहा व्हिडिओंनंतर हातात काही निष्कर्षच राहत नाही.

कागदवाली
प्रसंग धरून जायचं पटलं. पण व्हिडिओचा साचा कसा ठेवू? कागद स्क्रीनवर दाखवून बोलायचं एवढंच डोक्यात आहे.

टॉपशॉट
इथेच बहुतेक कागदी चॅनल पडतात. बघणारा मोबाइलवर असतो आणि सातबाऱ्याचं पूर्ण पान मोबाइलवर दाखवलं की एकही अक्षर वाचता येत नाही. पूर्ण पान फक्त दोन-तीन सेकंद, ‘आपण कुठे आहोत’ एवढ्यापुरतं. मग थेट त्या रकान्यावर. एका वेळी चार-पाच ओळींपेक्षा जास्त दिसायला नको. छापील कागद वरून शूट करणार असाल तर उतारा ए-थ्री आकारात छापा, लॅमिनेट करू नका (चकाकी येते), आणि दिवे दोन्ही बाजूंनी तिरके ठेवा, नाहीतर पेन धरलेल्या हाताची सावली नेमकी वाचायच्या ओळीवर पडते. चेहरा नसला तरी हात आणि पेन दिसू द्या. पेनाचं टोक जिथे जातं तिथे नजर जाते, स्क्रीनवरच्या लाल बाणापेक्षा हे चांगलं चालतं.

बोलण्याचा साचा दरवेळी तोच. पहिल्या 15 सेकंदांत कागदावरची ती ओळ आणि प्रश्न. संगीत नाही, ‘नमस्कार मंडळी’ नाही. पहिल्या मिनिटात उत्तर. नंतर कारण, मग नोंद कुठे अडते. शेवटची 20 सेकंदं पुढच्या प्रश्नासाठी, आणि तेव्हा चित्राची उजवी बाजू रिकामी ठेवा, कारण एंड स्क्रीनवरची पुढच्या व्हिडिओची चौकट तिथे बसवायची आहे. ती 5 ते 20 सेकंदच लावता येते. सात मिनिटांना साधारण 850 ते 900 शब्दांची संहिता पुरते.

शेतशिवार_मीडिया
उत्तर पहिल्या मिनिटात दिलं तर पुढचं कोण बघेल?

टॉपशॉट
ज्याला फक्त ‘हो की नाही’ हवं होतं तो जाईल, आणि तो तसाही थांबला नसता. उदाहरण घ्या. वारस नोंद झाली, नव्या सातबाऱ्यावर तीन भावंडांची नावं आली, क्षेत्र 1.20.00. प्रत्येकाला वाटतं आपल्या नावावर 1 हेक्टर 20 आर आहे. पहिल्या मिनिटात सांगा: नाही, हे तिघांचं सामाईक क्षेत्र आहे. जो राहतो तो विचारतो, ‘मग माझं किती?’ आता कागदावर पेनाने करून दाखवा. 120 आर, हिस्से सारखे असतील तर प्रत्येकी 40 आर. गुंठा आरापेक्षा किंचित मोठा, म्हणून 120 आर म्हणजे साधारण 118.6 गुंठे, तीन एकराला दीड गुंठा कमी. ‘आमची तीन एकर होती, दीड गुंठा कुठे गेला’ हे भांडण इथून निघतं. आणि शेवटी, कोणते 40 आर कुणाचे हे सातबारा सांगत नाही, त्याला वाटणी लागते. पुढचा भाग तिथेच तयार झाला.

गावाकडचा_दत्ता
नमस्कार. आमच्या 1994 च्या फेरफारात आत्याचं नावच घेतलेलं नाही, चुलते म्हणतात आता काही होत नाही. अर्ज कुणाकडे करायचा?

वकील_कोल्हापूर
दत्ताभाऊ, आधी त्या फेरफाराची आणि तेव्हा जोडलेल्या वारसांच्या यादीची नक्कल काढा. महसुली नोंदीने मालकी ठरत नाही, त्यामुळे नाव राहिलं म्हणजे हक्क गेला असं नाही. पण जुन्या नोंदीविरुद्ध अपिलाला उशीर माफ करून घ्यावा लागतो, आणि हिश्श्याचा वाद शेवटी दिवाणी न्यायालयात जातो. कागद घेऊन तालुक्याच्या वकिलाला भेटा.

कागदवालीताई, असे प्रश्न तुमच्या प्रत्येक व्हिडिओखाली येतील, त्याचा नियम आत्ताच ठरवा. वैयक्तिक प्रकरणाला टिप्पणीत उत्तर द्यायचं नाही. अर्धी माहिती वाचून दिलेलं उत्तर चुकतं आणि दुसरा माणूस तेच आपल्या प्रकरणाला लावतो. पण प्रश्न वहीत उतरवा. तोच प्रश्न पाच जणांनी विचारला की तो अकरावा भाग. दहाव्या भागाला विषय संपण्याची भीती त्यामुळे मला वाटत नाही.

दुसरं, खरा सातबारा दाखवू नका. तो संकेतस्थळावर सगळ्यांना दिसतो हे खरं, पण एखाद्याच्या बोज्यावर हजारो लोकांसमोर पेन ठेवणं वेगळं. त्याच नमुन्यात बनावट नावांचा उतारा करा, त्यावर आडवं ‘नमुना’ लिहा, आणि दहाही भागांत तेच कुटुंब आणि तोच गट क्रमांक ठेवा.

संकलक_सातारा
तेच कुटुंब ठेवण्याची कल्पना फार मोलाची आहे. मालिका त्याने बांधली जाते, शीर्षकातल्या आकड्याने नाही. मृत वडील, पत्नी, दोन मुलगे, लग्न झालेली मुलगी आणि हयात आजी असं कुटुंब घ्या. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस आहेत, आणि आजीचं नाव यादीत लागतं हेच लोक विसरतात. सामाईक क्षेत्राच्या भागासाठी मात्र वेगळा तीन भावंडांचा उतारा घ्या, नाहीतर हिश्श्यांच्या हिशेबात सात मिनिटं जातील.

या कुटुंबावर भाग असे पडतात. पहिला, अर्ज कुठे आणि सोबत काय. दुसरा, यादीत कोण कोण. लग्न झालेल्या मुलीचा प्रश्न इतका मोठा आहे की तिसरा भाग तिलाच द्या: 2005 ची दुरुस्ती, आणि वडील त्या तारखेला हयात असण्याची गरज नाही हा सर्वोच्च न्यायालयाचा 2020 चा निकाल. चौथा, अर्जानंतर काय होतं: वारसांची नोंद 6क मध्ये, मग फेरफार, 15 दिवसांची नोटीस, मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी. पाचवा, कुणी हरकत घेतली तर. सहावा टॉपशॉट यांनी सांगितला तो. सातवा, ‘इतर हक्क’मध्ये वडिलांचं सोसायटीचं कर्ज दिसतं तेव्हा. आठवा, बहीण हक्क सोडते म्हणाली तर नोंदणीकृत हक्कसोडपत्रच का लागतं, साध्या कागदावरची सही का चालत नाही. नववा वाटणी, दहावा मोजणी.

वकील_कोल्हापूर
नववा आणि दहावा जपून. तुकडेबंदीचे नियम अलीकडे वारंवार बदललेत, मोजणीचं शुल्कही बदलतं. बऱ्याच दस्तांना लागणारा 100-200 रुपयांचा मुद्रांक ऑक्टोबर 2024 मध्ये थेट 500 झाला, आणि त्याआधीचे व्हिडिओ अजून जुना आकडा सांगत फिरतायत. रक्कम तोंडाने बोलू नका, पिन केलेल्या टिप्पणीत तारखेसह लिहा. ती बदलता येते, आवाज बदलता येत नाही.

टॉपशॉट
शीर्षकाचं एक. तलाठी आता ग्राम महसूल अधिकारी झाले, पण लोक ‘तलाठी’च टाइप करतात. शीर्षकात तलाठी, व्हिडिओत दोन्ही.

शेतशिवार_मीडिया
ठीक, पण शॉर्ट्सशिवाय नवीन चॅनल कुणाला दिसणार? दहा भागांतून तीस शॉर्ट्स काढा.

संकलक_सातारा
दिसेल, पण वेगळ्याच माणसाला. शॉर्ट्स फीडमधला बघण्याचा वेळ कमाईसाठी लागणाऱ्या 4000 तासांत धरला जात नाही. आणि ‘आजीचंही नाव लागतं’ हे 40 सेकंदांत ऐकून गेलेला माणूस अर्ज भरताना चुकतोच. मी पहिल्या दहा भागांपर्यंत शॉर्ट्स काढणार नाही.

शेतशिवार_मीडिया
मी काढेन. शॉर्टमध्ये फक्त प्रश्न ठेवा आणि संबंधित व्हिडिओची लिंक द्या.

कागदवाली
शॉर्ट्सचं नंतर बघते. मग पहिला भाग तयार झाला की टाकायला सुरुवात करू?

टॉपशॉट
नको. चार तयार होईपर्यंत एकही टाकू नका. पहिल्याला 20 तास लागतील, ते चालतं. चौथ्यालाही 15 लागले तर आठवड्याला एक हा वेग टिकणार नाही, आणि साचा हलका करावा लागेल: रकाने कमी, संहिता 600 शब्दांची. हे प्रसिद्ध करायच्या आधी कळलेलं बरं. दहा झाले की एकूण व्ह्यूज बाजूला ठेवा आणि दोनच गोष्टी बघा. पहिल्या 30 सेकंदांनंतर किती टक्के उरले, आणि एंड स्क्रीनवरून किती जण पुढच्या भागाला गेले. पहिला आकडा कमी असेल तर सुरुवात दुरुस्त करा. पहिला चांगला आणि दुसरा जवळपास शून्य असेल, तर भागांचा क्रम बघणाऱ्याच्या प्रश्नांच्या क्रमाने लागलेला नाही.

वकील_कोल्हापूर
क्रमाबद्दल माझा अजून आग्रह आहे. हरकतीचा भाग पाचवा नको, दुसरा ठेवा. भांडण असलेलाच माणूस व्हिडिओ शोधतो, बाकीच्यांचं काम तलाठी कार्यालयात होऊन जातं.

कागदवाली
माझ्या टेबलावर येणाऱ्यांत निम्म्यांना हरकत म्हणजे काय हेच माहीत नसतं, ते पहिल्या नोटिशीला घाबरून येतात. नोटिशीचा भाग आधी, हरकतीचा त्याला लागून, असं करून बघते. नमुना उतारा या आठवड्यात तयार करतेय, आजीसकट.