मदत हवी आहे: शेवटच्या दिवशी टीमला पाठवायचा आभाराचा मेल

अर्धविराम

नमस्कार मंडळी. शुक्रवारी माझा या नोकरीतला शेवटचा दिवस आहे. साडेचार वर्षं एकाच बॅकएंड टीममध्ये काढली. माझ्याशिवाय नऊ जण, सगळे मराठी बोलणारे, म्हणून मेल मराठीतच लिहायचा आहे. तीन दिवस मसुदा घेऊन बसलेय आणि दर वेळी वाचताना वाटतं की हा मेल कोणीही कोणालाही पाठवू शकेल.

आत्ताचा मसुदा असा आहे (नावांऐवजी अ, ब, क लिहिते):

"प्रिय सहकाऱ्यांनो, आज माझा इथला शेवटचा दिवस. हा प्रवास अविस्मरणीय होता. तुम्हा सर्वांकडून खूप काही शिकायला मिळालं. विशेष आभार अ यांचे, त्यांच्या मोलाच्या मार्गदर्शनाबद्दल. ब यांचे, कारण मोठ्या टेबलवर इंडेक्स टाकताना झालेल्या गोंधळात त्यांनी सिस्टम वाचवली. आणि क यांचे, त्यांच्या सदैव हसतमुख स्वभावाबद्दल. संपर्कात राहू या."

प्रश्न तीन. नऊच्या नऊ नावं घ्यायची का? शुक्रवारी नेमका कधी पाठवायचा? आणि तो इंडेक्सचा किस्सा ठेवावा का?

पाटीपेन्सिल

मेल संध्याकाळी सहाला शेड्यूल करून ठेव आणि साडेपाचला निघून जा. रडारड नको, मागे वळून बघणं नको. आणि सगळ्यांना To मध्येच घाल, BCC केलं की लपवाछपवी वाटते.

उनाडवारा

राजीनाम्यात कारण लिहायची गरज नसते. मी "वैयक्तिक कारणास्तव" एवढंच लिहिलं होतं. पण नोटिस पीरियडचा उल्लेख न विसरता करा, माझे त्यावरून पंधरा दिवस अडकले होते.

अर्धविराम

@उनाडवारा, राजीनामा दोन महिन्यांपूर्वीच दिलाय हो. हा निरोपाचा मेल आहे.

उनाडवारा

अरे हो, शीर्षक नीट वाचलंच नाही. मग राहू द्या. पंधरा दिवस मात्र खरंच अडकले होते.

सर्व्हरखोली

मी दुसऱ्या बाजूला बसतो, म्हणजे लोक गेले की त्यांची खाती बंद करणाऱ्यांत. पाटीपेन्सिल यांचा सल्ला अर्धा बरोबर आहे. मेल आधीच लिहून ठेवावा हे ठीक, पण सहाचं शेड्यूल धोक्याचं. खातं कधी बंद होणार ते तुमच्या हातात नसतं. आमच्याकडे लॅपटॉप जमा झाल्याची नोंद पडली की तासाभरात खातं बंद होतं, कधी दुपारीच. खातं बंद झालं की शेड्यूल केलेला मेल जात नाही. काही सेटअपमध्ये तर तो तुमच्याच मशीनवरच्या Outbox मध्ये बसून राहतो, म्हणजे मशीन बंद केलं की संपलं. दोन जणांचे निरोपाचे मेल असे अडकलेले मी पाहिलेत. त्यांना वाटत होतं की मेल गेला, टीमला वाटत होतं की बाई काही न बोलताच गेली.

त्याहून वाईट म्हणजे उत्तरं. सहाला मेल पोचला की लोक सोमवारी सकाळी उत्तर लिहितात आणि ते तुमच्या बंद पेटीवर आदळतं. ज्यांनी चार ओळी मनापासून लिहिल्या त्यांच्या हाती "पत्ता सापडला नाही". म्हणून शुक्रवारी सकाळी अकराच्या आसपास पाठवा आणि खाजगी पत्ता मेलच्या मजकुरात लिहा. सहीत लिहू नका, सही कोणी वाचत नाही.

To-BCC चं म्हणाल तर नऊ जणांच्या टीमला To च बरं, कोणाकोणाला आलाय ते दिसलेलं चांगलं. पण त्यात शंभर-दोनशे जणांचा ग्रुप-पत्ता टाकलात तर कोणीतरी Reply All करणार आणि मग "शुभेच्छा", "शुभेच्छा", "मला या यादीतून काढा" सुरू होणार. मोठ्या यादीसाठी वेगळा, दोन ओळींचा मेल BCC ने पाठवा.

पाटीपेन्सिल

हे माहीत नव्हतं. माझा गेला होता बहुतेक. आता शंका येतेय.

जुनाखांब

बावीस वर्षांत असे मेल शेकड्याने आले असतील. जे लक्षात राहिले त्यांत एकच गोष्ट सारखी होती: आभार माणसाच्या गुणाचे नव्हते, त्याने केलेल्या एखाद्या कामाचे होते. "सदैव हसतमुख" हे क बद्दल कोणीही म्हणेल. क ने नक्की काय केलं ते फक्त तुम्हाला माहीत आहे. अर्धविराम, एक काम करा. अ, ब, क, प्रत्येकासाठी एकेक वाक्य असं लिहा की नाव झाकलं तरी टीमला माणूस ओळखता आला पाहिजे.

नऊ नावांचं म्हणाल तर नऊ किंवा एकही नाही. सहा घेतलीत तर उरलेले तीन मेल वाचत नाहीत, स्वतःचं नाव शोधतात. आणि प्रत्येकाला एकच ओळ द्या, कोणाला तीन आणि कोणाला अर्धी असं नको. कोणाशी जास्त बोलायचं असेल तर त्याला वेगळं लिहा.

इंडेक्सच्या किश्श्याबद्दल एक विचारतो. "गोंधळ" झाला म्हणता, तो कोणी केला होता?

अर्धविराम

मी.

सविस्तर सांगते. ऑर्डर्सचं टेबल, PostgreSQL. शोध फार हळू चालत होता म्हणून इंडेक्स टाकायचा होता. मायग्रेशनमध्ये मी हे लिहिलं होतं:

```sql
CREATE INDEX CONCURRENTLY idx_orders_status
ON orders (status);
```

आमचं मायग्रेशनचं टूल प्रत्येक फाइल ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळून चालवतं आणि CONCURRENTLY ट्रान्झॅक्शनच्या आत चालत नाही, त्यामुळे एरर आली. टूलला ती एक फाइल ट्रान्झॅक्शनबाहेर चालवायला सांगता येतं. मी ते न करता घाईत तो शब्दच खोडला. टेस्टवर झटकन झालं, कारण तिथे टेबल एवढंसं. प्रॉडक्शनवर भर दुपारी इंडेक्स बनत असताना टेबलवरचं सगळं लिहिणं अडलं. वाचणं चालू होतं, म्हणून पहिली काही मिनिटं कोणाला कळलंच नाही. स्क्रीन उघडत होती, ऑर्डर मात्र जात नव्हती. सपोर्टच्या ग ने आधी फोन केला: "सगळं दिसतंय, पण सेव्ह होत नाहीये." मग ब ने pg_stat_activity उघडलं, सगळे INSERT एकाच गोष्टीची वाट बघत उभे दिसले, आणि त्याने pg_cancel_backend ने माझी क्वेरी थांबवली. एकूण अकरा मिनिटं. त्याने "कोणी चालवलं?" असं विचारलंच नाही. दुसऱ्या दिवशी रिव्ह्यूच्या चेकलिस्टमध्ये एक ओळ वाढलेली होती, एवढंच.

जुनाखांब

म्हणूनच विचारलं. आभाराच्या किश्श्यात एक वाचवणारा असतो, तसा एक बुडवणाराही असतो, आणि त्याचं नाव नसलं तरी टीम ते मनात भरून घेते. तुमच्या मसुद्यात "झालेला गोंधळ" आहे, म्हणजे तो आपोआप झाला. कोणा नव्या मुलाला वाटेल की आपल्याबद्दल आहे. दुसऱ्याची चूक असती तर मी किस्सा काढायलाच सांगितला असता. तुमची आहे, तर "मी" लिहा आणि ठेवा.

आणि तुमच्याच हकिगतीत ग आली. मसुद्यात ती कुठे आहे?

अर्धविराम

नाहीये. नऊ जणांत ती येतच नाही, सपोर्टची टीम वेगळी. पण फोन तर तिनेच केला होता. बाप रे.

सर्व्हरखोली

माझं थोडं वेगळं मत आहे. कबुली तोंडी द्या, लेखी नको. मेल फॉरवर्ड केले जातात. "माझ्या क्वेरीने प्रॉडक्शन अकरा मिनिटं अडलं" हे वाक्य टीमबाहेर, एखाद्या ग्राहकाच्या माणसाच्या हाती लागलं तर संदर्भाशिवाय वाचलं जाईल. टेबलाचं नाव, किती वेळ, ग्राहक कोण, हे सगळं काढा.

जुनाखांब

तपशील काढण्याशी सहमत, कबुली काढण्याशी नाही.

अर्धविराम

बुधवारी रात्री पुन्हा लिहिलाय. अ चं वाक्य सर्वांत अवघड गेलं. मार्गदर्शन म्हणजे काय, हे आठवायला अर्धा तास लागला. मग आठवलं की माझ्या पहिल्या महिन्यात, पेमेंट पुन्हा पाठवण्याच्या कोडवर, अ ने रिव्ह्यूमध्ये एकच प्रश्न लिहिला होता. तोच घातला.

"आज माझा शेवटचा दिवस. नऊ नावं आहेत, प्रत्येकाला एक ओळ.

अ, तुम्ही माझ्या कोडखाली लिहिलं होतं, 'उत्तर उशिरा आलं आणि आपण पुन्हा पाठवलं, तर पैसे दोनदा कापले जाणार नाहीत का?' अजूनही काहीही पुन्हा पाठवताना मी आधी तेच विचारते.

ब, माझ्या क्वेरीने सगळं अडवलं होतं तेव्हा तू ती थांबवलीस आणि कोणी चालवली हे कधीच विचारलं नाहीस.

क, रिलीजच्या आदल्या संध्याकाळी 'हे मी पास करणार नाही' असं तू म्हणालीस तेव्हा मला राग आला होता. तुझं बरोबर होतं."

पुढे सहा ओळी अशाच. शेवटी खाजगी पत्ता, आणि "उत्तर आज चारच्या आत लिहिलंत तर इथेच मिळेल, नंतर या पत्त्यावर". ग ला वेगळा मेल.

एकच अडलंय. आठवं नाव मॅनेजरचं. त्याने माझं प्रमोशन दोनदा पुढे ढकललं. खोटं लिहायचं नाही आणि वगळलं तर सगळ्यांना दिसणार.

पाटीपेन्सिल

"मोलाचे मार्गदर्शन" तिथे वापर. त्यासाठीच बनलंय ते.

जुनाखांब

खरं असेल असं एखादं छोटं काम शोधा. सुट्टी लगेच मंजूर केली असेल, एखाद्या मीटिंगमध्ये बाजू घेतली असेल. तेवढंच लिहा, विशेषण न लावता.

उनाडवारा

मी तर वगळलं असतं. दिसू दे की.

अर्धविराम

शुक्रवार, रात्र. मेल अकरा दहाला गेला. मॅनेजरसाठी लिहिलं, "रात्रीच्या कॉलनंतर सकाळची मीटिंग तुम्ही न मागता पुढे ढकलायचात." हे खरं आहे. त्याने उत्तर दिलं नाही, आणि वाचून त्याला काय वाटलं ते कळायचा मार्ग नाही. लॅपटॉप तीनला जमा करायला सांगितला आणि साडेतीनला फोनवरचा मेल बंद. सर्व्हरखोली, वाचवलंत.

त्याआधी सात उत्तरं आली. ब चं एकाच ओळीचं होतं: "त्या दिवशी मी आधी चुकीचा pid थांबवला होता, चालू असलेला रिपोर्ट मेला आणि तोही कोणी विचारला नाही."