सँगर जेल वाचताना दिशा चुकते तेव्हा

> "पुण्यात एमएस्सीच्या प्रॅक्टिकलला जेलचा फोटो दिलाय. वरून खाली वाचलं, पण साच्याशी जुळतच नाही."

खालून वर वाचा. सगळ्यात छोटा तुकडा जेलमधून सगळ्यात पुढे पळतो, आणि छोटा म्हणजे प्रायमरला लागूनच थांबलेला.

समजा प्रायमर २० बेसचा आहे. सर्वात खालचा पट्टा T च्या रांगेत दिसतो, म्हणजे २१ बेसचा तुकडा डायडीऑक्सी-T ने संपला. त्याला 3' टोकाचा OH नसल्यामुळे पुढचा बेस जोडायला जागाच उरत नाही. वर जाताना A, C, C, G, A मिळाले, तर नवी साखळी `5'-TACCGA-3'`. हा साचा नव्हे! साचा `3'-ATGGCT-5'`, नेहमीच्या दिशेने लिहिला तर `TCGGTA`. बहुतेक गोंधळ इथेच होतो.

एकाच उंचीवर चारही रांगांत पट्टा असेल तर तिथला बेस ठरवू नका. साच्याला गाठ पडल्यामुळे पॉलिमरेज तिथे अडखळलेलं असतं, साखळी डायडीऑक्सीने तोडलेली नसते. उलट साचा आणि प्रायमर ठीक असूनही खालचे पट्टे गडद आणि वरचे गायब असतील, तर डायडीऑक्सीचं प्रमाण जास्त झालंय. साखळ्या लांब होण्याआधीच संपल्या. साध्या न्यूक्लिओटाइडच्या तुलनेत ते कमी करून पुन्हा लावा.