सॉकेटमधून लोंबणारा चार्जर

सप्रेम नमस्कार,
महिनाभरासाठी म्हापशाला आईकडे आले आहे. अमेरिकेतून आणलेला लॅपटॉपचा चार्जर कन्व्हर्टर लावून भिंतीत खोचला, की तो हळूहळू झुकतो आणि तासाभरात निसटून पडतो. दोष चार्जरच्या वजनाचा की सॉकेटचा?
— म्हापशाहून

ताई, दोष सॉकेटचाच आहे. आतल्या पितळी पट्ट्या सैल झाल्या, की कोणताही प्लग टिकत नाही. नवे सॉकेट बसवेपर्यंत पिना किंचित फाकवा, आम्ही तसेच करतो.
— वास्कोहून

आमच्याकडे तर अख्खा बोर्डच भिंतीतून पुढे येतो, कारण पावसाळी हवेत पेटीचे स्क्रू गंजले आहेत. तुमच्याकडेही तेच असेल.
— काणकोणहून

म्हापशाच्या ताईंना नमस्कार. मी तीस वर्षे वायरिंगची कामे केली आहेत. काणकोणचा प्रश्न वेगळा आहे. तिथे मेन स्विच बंद करून स्क्रू आणि पेटी बदलावी लागेल.

तुमच्याकडे आधी एक परीक्षा करा. बटण बंद ठेवून टेबल फॅनचा तीनपिनी प्लग त्याच सॉकेटमध्ये घाला. तो ओढताना जोर लागला, तर सॉकेट शाबूत आहे. तो सहज सरकला, किंवा सॉकेटचे तोंड तपकिरी झालेले दिसले, तर पट्ट्यांचा ताण गेला आहे. सैल जोडणी तापते आणि तापल्याने पट्टी आणखी सैल होते, म्हणून असे सॉकेट बदलावेच.

सॉकेट चांगले निघाले, तरी चार्जर झुकू शकतो. समजा, 300 ग्रॅमच्या चार्जरचे वजन भिंतीपासून 4 सेंटीमीटरवर आहे. कन्व्हर्टरने ते 8 सेंटीमीटरवर गेले, तर वजन तेवढेच राहूनही पिनांना खाली ओढणारा जोर दुप्पट होतो. शिवाय दोन पिना एकाच उंचीवर शेजारी असतात, त्यामुळे तो जोर पेलायला वर काहीच नसते. तीनपिनी प्लगमध्ये वरची जाड अर्थ पिन ते काम करते. कन्व्हर्टरच्या पिना युरोपीय पद्धतीच्या, 4 मिलिमीटरच्या असतील, तर आपल्या 5 मिलिमीटरच्या भोकांत त्या मुळातच सैल बसतात. पिना फाकवू नयेत; त्या कडेनेच टेकतात आणि तेवढ्याच जागी तापतात.

चार्जरची पिन निघत असेल, तर तिथे बसणारी तीनपिनी प्लगची वायर घ्या आणि चार्जर टेबलावर ठेवा. निघत नसेल, तर तीनपिनी प्लगचा एक्स्टेन्शन बोर्ड घेऊन तो जमिनीवर आडवा ठेवा.
— फोंड्याहून

काका, फॅनचा प्लग घट्ट बसला. चार्जरची पिन निघाली आणि आठच्या आकड्यासारख्या खाचेची वायर बाजारात मिळाली. कालपासून चार्जर टेबलावर आहे. मात्र स्वयंपाकघरातल्या सॉकेटमध्ये मिक्सरचा प्लग सहज सरकतो आणि कोमटही लागतो.
— म्हापशाहून

ते सॉकेट आजपासून वापरू नका. वायरमनला आतल्या तारांची टोकेही पाहायला सांगा. ती काळी पडली असतील, तर तेवढा भाग कापून मगच नव्या सॉकेटला जोडाव्या लागतील.
— फोंड्याहून