अनुभव धागा : नाव नोंदवलं पण आले नाहीत, त्यांना तुम्ही काय मेल पाठवता?

द्राक्षवेल
आम्ही काही जण मिळून निफाड भागातल्या द्राक्षवाल्यांसाठी झूमवर संध्याकाळी मोफत सेशन घेतो. ऑक्टोबर छाटणीनंतर फूट कोवळी असते, त्यात पाऊस आला की डाऊनी रोगाची भीती, म्हणून त्या विषयाला नोंदणी भरपूर होते पण प्रत्यक्ष येतात निम्म्याहून कमी. न आलेल्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही रेकॉर्डिंग पाठवतो आणि का जमलं नाही ते विचारतो. तुम्ही असा मेल पाठवत असाल किंवा तुम्हाला आला असेल तर अनुभव लिहा. आमचा मेल असा असतो :

> विषय : कालच्या डाऊनीच्या सेशनचं रेकॉर्डिंग
>
> नमस्कार दादा/ताई, काल बहुतेक आपली भेट राहिली. रेकॉर्डिंग इथे आहे : (लिंक). सगळं बघायला वेळ नसेल तर २४व्या मिनिटापासून बघा, पाऊस उघडल्यावर फवारणी कधी घ्यायची ते तिथे आहे.
> एक विचारायचं होतं. काल वेळ जमली नाही, लिंक सापडली नाही, की आणखी काही होतं? याच मेलला एका ओळीत उत्तर दिलंत तरी चालेल, पुढचं सेशन त्यावरून ठरवू.

यावर जी उत्तरं आली ती वाचून आमचा अंदाजच बदलला, आम्हाला वाटत होतं लोकांना ऑनलाइनचा कंटाळा आलाय, पण बऱ्याच जणांनी लिहिलं की दुपारी पाऊस उघडला म्हणून ब्लोअर घेऊन बागेत होतो, अंधार पडेपर्यंत फवारत होतो. म्हणजे ज्या दिवशी विषयाची सगळ्यात जास्त गरज त्याच दिवशी माणूस मोकळा नाही. आता सेशन सातऐवजी साडेआठला ठेवतो. दुसरं कारण लिंकचं, झूमचा मेल no-reply@zoom.us वरून इंग्रजीत येतो, तो कुणी आपला म्हणून ओळखतच नाही, त्यामुळे तासभर आधी लिंक व्हॉट्सअॅपवर पण टाकतो.

मेलवाली
मेल छान आहे, लिंक आधी आणि प्रश्न नंतर हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण प्रश्न आधी आला की हजेरी घेतल्यासारखं होतं. मी पुण्यात एका संस्थेचे ऑनलाइन कार्यक्रम बघते, माझा सगळ्यात जास्त वेळ मेल लिहिण्यात जात नाही, यादी नीट करण्यात जातो. झूमच्या वेबिनार रिपोर्टमध्ये Attended कॉलम असतो, Yes किंवा No, आणि लोक No वाले उचलून थेट मेल सोडतात. पण नोंदणी केलेल्या प्रत्येकाची जॉइन लिंक वेगळी असते. नवऱ्याने स्वतःची लिंक बायकोला फॉरवर्ड केली आणि ती त्यावरून आली तर हजेरी नवऱ्याच्या नावावर लागते, तिच्यापुढे No. एकाच फोनवर चौघं बसून बघतात तिथेही तसंच. म्हणून तुमचं ते "बहुतेक" अजिबात काढू नका, उलट वर एक ओळ घाला की काल आला असाल तर रेकॉर्डिंग तुमच्यासाठीही आहेच.

झूममध्येच Follow-up Email to Absentees अशी सोय आहे, सेशननंतर १ ते ७ दिवसांत आपोआप जातो, पण रेकॉर्डिंगची लिंक चालते की नाही ते तो मेल थोडाच बघणार, म्हणून मी हातानेच पाठवते. आणि पाठवायच्या आधी लिंक इनकॉग्निटो विंडोमध्ये उघडून बघते. ड्राइव्हवरची फाइल Restricted राहिली तर आपल्याला दिसते, समोरच्याला परवानगी मागायला लागते, आणि सकाळी इनबॉक्समध्ये नुसत्या परवानगीच्या विनंत्यांची रांग.

सासवडची_सून
मेलवाली ताई अगदी माझ्यावरच लिहिलंत! ह्यांच्या फोनवरून पूर्ण दीड तास बघितलं, वहीत लिहूनही घेतलं आणि दुसऱ्या दिवशी मेल, "आपण अनुपस्थित राहिलात, कृपया कारण कळवावे". शाळेत दांडी मारल्यावर चिठ्ठी आणायचो तसंच वाटलं. वाईट वाटलं खरंच, नंतर त्यांच्याकडे नाव नोंदवलं नाही.

कोकणकडा
एवढं अवघड करू नका हो. मी सगळ्यांना जीमेलवरून बीसीसीत टाकतो आणि साधा मजकूर लिहितो, लोगो फोटो काही नाही. लोगो टाकला की मेल प्रमोशन्समध्ये जातो, साधा असला की बरोबर समोर येतो.

मेलवाली
साधा मजकूर बराच, पण तेवढ्याने समोर येईलच असं नाही, लोक तुमचे मेल उघडतात का, उत्तर देतात का यावरही असतं. आणि फुकटच्या जीमेलला दिवसाला ५०० जणांची मर्यादा आहे, यादी मोठी असेल तर दोन दिवसांत विभागून पाठवा. मला बीसीसीतली खरी अडचण वेगळीच वाटते, नाव घालता येत नाही, आणि "का आला नाहीत" हे बिननावाच्या मेलमध्ये विचारलं की कोणी उत्तर देत नाही.

दूरदेशी
मी न्यू जर्सीत असते, आणि मी तर यायचं नाही हे ठरवूनच नाव नोंदवते कारण रेकॉर्डिंग नोंदणी केलेल्यांनाच मिळतं. तुमचे संध्याकाळचे सात म्हणजे आमच्याकडे उन्हाळ्यात सकाळचे साडेनऊ, नोव्हेंबरात घड्याळ मागे गेलं की साडेआठ, ऑफिसची गडबड. एकांनी नऊ प्रश्नांचा फॉर्म पाठवलेला, पहिलाच प्रश्न "आपण का आला नाहीत" आणि त्यात "मला फक्त रेकॉर्डिंग हवं होतं" असा पर्यायच नाही, मग बंद केला. हे नोंदणीच्या वेळीच विचारा ना, लाइव्ह येणार की नंतर बघणार?

द्राक्षवेल
हे चांगलंय, नोंदणीच्या फॉर्मवर घालतो. मग त्यांना का आला नाहीत विचारायचंच नाही.

उशीरा_आलेली
आमचा गट कॅन्सर पेशंटची काळजी घेणाऱ्या घरच्या लोकांचा आहे, डॉक्टर आणि डाएटिशियन ऑनलाइन बोलतात. आम्हीही असाच प्रेमाने प्रश्न विचारायचो. एका दादांचं उत्तर आलं, आई परवा गेली, आता गरज नाही. त्यांनी रागाने नव्हतं लिहिलं पण त्या दिवसापासून आमच्या मेलमध्ये कारण विचारत नाही, फक्त लिंक आणि "कधीही लिहा, आम्ही वाचतो" एवढंच. गंमत नाही पण सांगते, लोक आता जास्त लिहितात, कुणी रात्री दोनला.

आणि रेकॉर्डिंग सरसकट देत नाही. पहिली ४० मिनिटं डॉक्टर बोलतात तेवढंच ठेवतो, नंतर लोक स्वतःच्या घरातलं सांगतात, स्क्रीनवर नाव दिसतं, आवाज ओळखू येतो, ते कापूनच टाकतो. सुरुवातीला तसं सांगतो पण.

कोकणकडा
प्रश्नोत्तरं कापली तर रेकॉर्डिंगमध्ये राहिलं काय, खरा मसाला तिथेच असतो.

उशीरा_आलेली
आमच्याकडे नाही दादा. हवं तर प्रश्न नावाशिवाय लिहून उत्तरासकट मेलखाली देतो, तेवढं पुरतं.

द्राक्षवेल
डाऊनीच्या प्रश्नांना अडचण नाही म्हणा, पण कोणी कोणतं औषध किती मारलं हे गावात कळलेलं सगळ्यांनाच आवडत नाही, त्यामुळे आम्हीपण विचारून ठेवू.

आणखी एक, ज्यांनी उत्तरच दिलं नाही त्यांना परत विचारता का कुणी?

मेलवाली
नाही. एकदाच. नंतर थेट पुढच्या सेशनचं आमंत्रण.

कोकणकडा
मी सरळ फोन करतो, फोनवर माणूस खरं बोलतो.

मेलवाली
माझा अनुभव उलटा आहे, फोनवर सगळे "कामात होतो" म्हणतात. "मागच्या वेळचंच परत सांगणार असं वाटलं" हे एका काकांनी मेलवरच लिहिलं, आणि त्यांचं बरोबर होतं.