शब्दचर्चा: ‘सापडलं तर’ मधला भूतकाळ आणि अरबीतलं हरवलेलं पाकीट

नीलांबरी
अरबीच्या वर्गात बाईंनी एक छोटी गोष्ट दिली आहे. वर्गात तिच्यावर बरंच बोलून झालं, पण तिघांची तीन मतं झाली, म्हणून इथे मांडते. नागरीत लिहिताना ऐन आणि बाकीचे कंठ्य उच्चार साधेच लिहिलेत, तेवढं चालवून घ्या.

> वसल्तु इला महत्तति रमसीस फिस्साअतिस्सामिना सबाहन. कान कितारुल इस्कंदरिया सयुगादिरु बाद निस्फि साआ. वकफ्तु अमाम शुब्बाकित्तजाकिर, व मददतु यदी इला जैबी, फलम अजिद मिहफजती. कुल्तु लिनफ्सी: लन अजिदहा! जहब्तु इला मक्तबिल मफकूदात व कुल्तु लिल्मुवज्जफ: दाअत मिन्नी मिहफजती. काल: इजा वजदनाहा फसनत्तसिलु बिक. कुल्तु: मता? सयकूनुल कितारु कद गादर! व फज्अतन समिअतु सौत बाइइश्शाय: या उस्ताज, हाजिही मिहफजतुक? लम अल्हक बिल कितार, व लाकिन्नी सउसाफिरु गदन.

माझं मराठी असं:

> सकाळी आठला रमसीस स्टेशनवर पोचलो. अलेक्झांड्रियाची गाडी अर्ध्या तासात सुटणार होती. तिकीट खिडकीसमोर उभा राहिलो, खिशात हात घातला तर पाकीट नाही. मनाशी म्हटलं, आता काही सापडत नाही! हरवलेल्या सामानाच्या कचेरीत गेलो, तिथल्या माणसाला सांगितलं, माझं पाकीट हरवलंय. तो म्हणाला, सापडलं तर कळवू. म्हटलं, कधी? तोवर गाडी सुटलेली असेल! तेवढ्यात चहावाल्याचा आवाज आला: साहेब, हे पाकीट तुमचं का? गाडी काही मिळाली नाही, पण उद्या जाईन.

प्रश्न दोन. ‘इजा वजदनाहा’ मध्ये शब्दशः ‘आम्हाला सापडलं’ असा भूतकाळ आहे. पाकीट अजून सापडायचंय, मग भूतकाळ का? आणि शेवटचं ‘सउसाफिरु’ म्हणजे ‘जाईन’ की ‘जाणार’?

देरा दुबईकर
ताई, आधी पोलिसांत तक्रार नोंदवायची, मग बँकेची कार्डं बंद करायची. माझं पाकीट इथे मेट्रोत गेलं तेव्हा रेसिडेन्सी कार्डासाठी फार पळापळ झाली. गोष्टीतल्या माणसाने ओळखपत्राचा विषयच काढला नाही, हे पटत नाही.

नीलांबरी
काका, पाकीट माझं नाही हरवलं, गोष्टीतल्या माणसाचं हरवलंय. प्रश्न क्रियापदाचा आहे.

शब्दवेल्हाळ
‘कितार’ वरून आठवलं. हिंदी-उर्दूतली ‘कतार’ म्हणजे रांग, ती हीच. अरबीत कितार म्हणजे मुळात एकामागे एक बांधलेल्या उंटांची माळ. रेल्वे आली तेव्हा डब्यांच्या माळेला तोच शब्द चिकटला. आणि आपला खिसा फारसी ‘कीसा’ वरून आला. अरबीत ‘कीस’ म्हणजे अजूनही पिशवी. म्हणजे कैरोच्या दुकानदाराकडे ‘कीस’ मागितलात तर पिशवी मिळेल, खिसा नाही. तो त्यांच्याकडे ‘जैब’.

आता मूळ प्रश्न. सोपं आहे: ‘फ’ म्हणजे आपला ‘तर’. ‘इजा’ म्हणजे ‘जर’. इजा... फ..., जर... तर.... झालं.

वाटसरू
कतारीचं बरोबर. ‘फ’ चं अर्धंच बरोबर आहे.

आधी नीलांबरीचा भूतकाळ. मराठीत तुम्ही काय लिहिलंत ते पुन्हा वाचा: ‘सापडलं तर कळवू.’ हे ‘सापडलं’ कुठल्या काळाचं? रूप भूतकाळाचं आहे आणि पाकीट सापडायचंय उद्या-परवा. तुम्हाला ते खटकलं नाही, कारण आपण रोज असंच बोलतो. ‘पाऊस आला तर छत्री ने’, ‘तो भेटला तर सांग’. अट सांगताना आपण ती घडून गेली असं धरतो आणि पुढचं बोलतो. अरबीतही ‘इजा’ नंतर भूतकाळाचं रूप, ज्याला अरबीत ‘माझी’ म्हणतात, येतं ते याच हिशेबाने. ते रूप काल झालेली गोष्ट सांगत नाही, एक गोष्ट पुरी झाली असं धरून चालतं. मी शिकवायचो तेव्हा इंग्रजी माध्यमाची मुलं इथे हटकून ‘इजा सनजिदुहा’ लिहीत, कारण डोक्यात ‘भविष्यातली गोष्ट, मग स लावा’ असं बसलेलं. त्याच मुलाला ‘सापडलं तर’ असं म्हणायला लावलं की पुढच्या वेळी चूक होत नसे. इथे मराठी बोलणाऱ्याला आयतं काही मिळालंय ते वापरावं.

आता ‘फ’. तो प्रत्येक ‘इजा’ ला लागत नाही. ‘इजा वजदनाहा इत्तसलना बिक’ म्हटलं तरी चालतं, कारण दुसऱ्या भागातही तेच ‘माझी’ रूप आहे. ‘फ’ तेव्हा लागतो जेव्हा दुसरा भाग भविष्य दाखवणाऱ्या ‘स’, ‘सौफ’ किंवा ‘लन’ ने सुरू होतो, किंवा तिथे आज्ञा असते, किंवा ते बिनक्रियापदाचं वाक्य असतं. आपला ‘तर’ असं काही बघत नाही, तो सगळीकडे येतो. गोष्टीत ‘सनत्तसिलु’ आहे म्हणून ‘फसनत्तसिलु’. बोलताना आणि वर्तमानपत्रांत पुष्कळदा हा ‘फ’ गळतो, पण परीक्षेत गाळू नका.

शब्दवेल्हाळ
मान्य. पण मग ‘इजा’ की ‘इन’? अटीसाठी ‘इन’ असतं असं मी वाचलंय.

वाटसरू
दोन्ही असतात. जुन्या अरबीत ‘इजा’ म्हणजे जे होणार असं बोलणाऱ्याला वाटतं ते, ‘इन’ म्हणजे ज्याची शंका आहे ते. सूर्य मावळला की, हे ‘इजा’. पाकीट मिळालं तर, हे खरं म्हणजे ‘इन’. रमसीससारख्या गर्दीच्या स्टेशनात पाकीट पडल्यावर कारकुनाने ‘इजा’ म्हणणं म्हणजे तो भलताच आशावादी! पण आजच्या गद्यात हा भेद पातळ झालाय, ‘इजा’ दोन्हीकडे चालतं. बाईंनी लिहिलंय ते ठीक आहे.

तनुजा
आणि ‘सापडलं असतं तर गेलो असतो’ हे कसं म्हणायचं? गोष्टीतला चहावाला आलाच नसता असं समजा.

वाटसरू
त्याला ‘लौ’. ‘लौ वजदतुहा लसाफरतु.’ दोन्हीकडे ‘माझी’ रूप आणि दुसऱ्याला ‘ल’. आपलं ‘असतं... असतो’ हे ओझं अरबीत एकटा ‘लौ’ उचलतो. म्हणून ‘इजा’ आणि ‘लौ’ यांत गल्लत केली तर ‘मिळालं तर जाईन’ चं ‘मिळालं असतं तर गेलो असतो’ होतं.

नीलांबरी
‘सयकूनुल कितारु कद गादर’ मला सगळ्यांत आवडलं. वर्गात ते अवघड म्हणून सोडून दिलं होतं.

वाटसरू
अवघड कसलं? ‘गाडी सुटलेली असेल’ हे वाक्य फोडून बघा. ‘सुटलेली’ साठी ‘कद गादर’ आणि ‘असेल’ साठी ‘सयकूनु’. फक्त क्रम उलटा, आणि कर्ता दोघांच्या मधे बसलाय. तसंच दुसऱ्या वाक्यात ‘कान... सयुगादिरु’ म्हणजे ‘सुटणार होती’. ‘कान’ साठी ‘होती’, ‘स’ साठी ‘-णार’. ही ‘कान स’ ची जोडी आजच्या कथांत आणि बातम्यांत सर्रास सापडते.

एक सूचना मात्र करतो. ‘फलम अजिद’ चं ‘पाकीट नाही’ केलंत ते झकास आहे, पण अभ्यासाच्या वहीत ‘सापडलं नाही’ असंही लिहून ठेवा. ‘लम’ नंतर क्रियापद वर्तमानाच्या रूपात, शेवटचा स्वर गेलेला, आणि अर्थ भूतकाळाचा. ‘लन’ नंतर शेवटी ‘अ’ येतो आणि अर्थ भविष्याचा. ‘लम अजिद’, ‘लन अजिद-हा’. दोन्हीत ‘नाही’ त्या छोट्या शब्दातच आहे आणि काळही तोच शब्द ठरवतो. म्हणून ‘सलन’ किंवा ‘लन स’ असं काही नसतं.

देरा दुबईकर
आता प्रश्न कळला! तर माझ्या पाकिटाचीच गोष्ट सांगतो, ती इथे बसते. आमच्याकडे पाकिटाला ‘बोक’ म्हणतात, ‘मिहफजा’ म्हटलं तर लोकांना कळतं पण पुस्तकी वाटतं. काउंटरवर एक इजिप्शियन होता. मी आपल्या आखाती अरबीत म्हटलं, ‘बाजीब अल्बिताका बाचिर’, कार्ड उद्या आणतो. तो आधी गोंधळला, मग हसला आणि म्हणाला, ‘हगीब बुक्रा’ म्हण.

वाटसरू
हे फार चांगलं उदाहरण दिलंत. आखातात ‘ब’ लावला की भविष्य. कैरोत तोच ‘ब’ लावला की चालू किंवा नेहमीची क्रिया, आणि भविष्याला ‘ह’. म्हणजे त्याला ऐकू आलं असेल ‘मी कार्ड आणत असतो, उद्या’. ‘बाचिर’ मुळे तुमचं निभावलं. गोष्टीतला चहावालाही खरं तर पुस्तकी ‘हाजिही मिहफजतुक’ म्हणणार नाही, ‘दी महफज्तक?’ म्हणेल. बाईंनी त्याला शुद्ध बोलायला लावलंय, शाळेच्या गोष्टीत ते चालायचंच.

शब्दवेल्हाळ
मग दुसऱ्या प्रश्नाचं? माझं मत: ‘स’ म्हणजे ‘जाणार’, ‘सौफ’ म्हणजे ‘जाईन’. ‘स’ जवळचं, ‘सौफ’ लांबचं.

वाटसरू
जवळ-लांब हा भेद इराकातल्या बसरा शहराच्या जुन्या व्याकरणकारांचा. तिथल्याच कूफा शहरातले व्याकरणकार म्हणत की ‘स’ हा ‘सौफ’ चाच तुकडा. आज लिहिणारे बहुतेक लयीवर ठरवतात. पण ‘जाईन’ आणि ‘जाणार’ मधला फरक जवळ-लांबचा नाहीच मुळी. ‘उद्या जाणार’ म्हणजे ठरलंय. ‘उद्या जाईन’ म्हणजे बोलणाऱ्याने आत्ता मनात आणलं, किंवा शब्द दिला. अरबीतलं ‘सउसाफिरु’ हे दोन्ही पोटात घेतं, तुम्हाला प्रसंगावरून निवडावं लागतं. गाडी चुकल्यावरचं वाक्य आहे, मी ‘जाईन’ ठेवीन.

तनुजा
मला ‘उद्या जातो आता’ जास्त खरं वाटतं. गाडी चुकलेला माणूस असंच बोलतो ना?

शब्दवेल्हाळ
बोलतो, पण मग परीक्षकाला भविष्यकाळ दिसणार कुठे? मी ‘जाणार’ वरच आहे. पाकीट हातात आलंय, पैसे आहेत, गाड्या रोज सुटतात. यात न ठरलेलं काय उरलं?

नीलांबरी
वर्गातही याच दोन पक्षांत भांडण होतं. मी वहीत ‘जाईन’ ठेवते आणि समासात ‘जाणार’ लिहिते. बाकी ‘दाअत मिन्नी’ मधल्या ‘मिन्नी’ चं काय करायचं? ‘माझ्याकडून हरवलं’ म्हटलं तर दोष माझ्यावर येतो, ‘माझं हरवलं’ म्हटलं तर ‘मिन्नी’ गळतो.

वाटसरू
‘माझं हरवलं’ च ठेवा. मूळ वाक्यातही कर्ता पाकीटच आहे, ‘दाअत’ हे रूप पाकिटाचं आहे. माणसावर दोष घ्यायचा असता तर ‘अदअतु मिहफजती’ म्हणाला असता.